फोटोतलं गणित: दोन यंत्रं, एक ढीग. व्हेरियन्स ३.६ की १.९२?

सायलीची_आई

लेक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर असते. काल रात्री तिने पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला आणि "आई, तुझ्या त्या फोरमवर कुणी स्टॅटवाले आहेत का बघ" म्हणाली. पान मधोमध दुमडलेलं, वर ट्यूबलाइटची चकाकी. फोटो जोडलाय, पण मोबाइलवर वाचताना डोळे फुटतील म्हणून टाइपही करते:

"मसाल्याची ५० ग्रॅमची पाकिटे दोन यंत्रे भरतात. यंत्र अ तासाला ६०० पाकिटे भरते व त्यांच्या वजनाचे वितरण N(50, 4) आहे. यंत्र ब तासाला ४०० पाकिटे भरते व त्यांचे वजन ५० ते ५६ ग्रॅम या दरम्यान एकसमान वितरित आहे. दोन्ही यंत्रांची पाकिटे एकाच ढिगात पडतात. ढिगातून एक पाकीट यादृच्छिक पद्धतीने उचलले. (अ) त्याच्या वजनाची सरासरी व प्रचरण काढा."

(आ) भाग फोटोत कापला गेलाय. आणि त्या 4 च्या डोक्यावर नेमकी घडीची सावली आहे. तिथे बारीक 2 आहे की नाही ते मला तरी दिसत नाही.

सरासरी दोघींची सारखी आली, ५१.२. प्रचरण सायलीचं ३.६ आणि रूममेटचं १.९२. रात्री एकपर्यंत भांडल्या म्हणे. मी बी.कॉम. आहे, तेव्हा जरा बेताने समजावा.

---

टवाळ_पांडू

पाकिटावर ५० लिहून ब मशीन ५६ पर्यंत भरतंय? मालक बुडणार. ब्रँड सांगा, तोवर दोन डझन घेऊन ठेवतो.

---

कोडकरी

रूममेट बरोबर. सरळ नियम आहे: Var(aX + bY) = a²Var(X) + b²Var(Y). वेट्स ०.६ आणि ०.४, यंत्रं एकमेकांपासून स्वतंत्र. ०.३६ × ४ + ०.१६ × ३ = १.९२. सायलीने वेट्सचा वर्ग करायचा राहून गेलाय, बाकी पद्धत तीच आहे. कॉमन मिस्टेक.

---

अनामिक_नाशिककर

हा बेजचा प्रश्न आहे हो. दोन मशिनं, टक्केवारी दिली, एक नग उचलला, तो कुठल्या मशीनचा? आम्हाला बारावीनंतरच्या सीईटीला हमखास असायचा. उत्तर ०.६.

---

खडूफळा

सायलीच्या आई, दोघींचंही उत्तर चुकलंय. पण चुकण्याच्या जागा वेगळ्या आहेत, आणि सायली बरोबर उत्तराच्या अर्ध्या वाटेवर आहे. रूममेटने दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर काढलंय.

आधी तिचं बघू. १.९२ हे प्रचरण कुठल्या पाकिटाचं? ज्या पाकिटाचं वजन ०.६X + ०.४Y आहे, त्याचं. म्हणजे अ यंत्राने जेवढं भरलं असतं त्याचे सहा दशांश आणि ब ने भरलं असतं त्याचे चार दशांश, असं दोघांनी मिळून भरलेलं एकेक पाकीट. इथे तसं एकही पाकीट नाही. ढिगातलं प्रत्येक पाकीट एक तर पूर्ण अ चं आहे, नाही तर पूर्ण ब चं.

गणित न करताही शंका यायला हवी होती. अ ची पाकिटं ४ ने पसरलेली, ब ची ३ ने. ती सगळी होती तशी एका ढिगात ओतली. ढिगाचा पसारा दोघांहून कमी कसा होईल? ढिगात टाकल्याने कुठलंही पाकीट मधल्या बाजूला सरकत नाही.

आता सायलीचं. ०.६ × ४ + ०.४ × ३ = ३.६. (ब चे ३ म्हणजे ६ चा वर्ग भागिले १२, एकसमान वितरणाचं नेहमीचं.) ही आकडेमोड हवीच आहे. पण ती काय मोजते? अ ची पाकिटं ५० भोवती किती पसरलीत आणि ब ची ५३ भोवती किती पसरलीत, त्याची सरासरी. ढिगाचा मध्य मात्र ५० ही नाही आणि ५३ ही नाही, तो ५१.२ आहे. अ चा आख्खा घोळका त्या मध्यापासून १.२ खाली बसलाय, ब चा १.८ वर. हे अंतर ३.६ मध्ये कुठेच आलेलं नाही.

ते असं येतं:

०.६ × (१.२)² + ०.४ × (१.८)² = ०.८६४ + १.२९६ = २.१६

३.६ + २.१६ = ५.७६. सरासरी ५१.२, प्रचरण ५.७६, प्रमाण विचलन २.४ ग्रॅम.

वर्गात हे एका ओळीत लिहितात:

Var(W) = E[Var(W|M)] + Var(E[W|M])

W वजन, M यंत्र. पहिलं पद सायलीने काढलं. दुसऱ्या पदात वजनं येतच नाहीत, फक्त दोन सरासऱ्या येतात: ५० आणि ५३, सहास चार या प्रमाणात.

---

सायलीची_आई

थांबा थांबा सर. हे d₁, d₂ वालं आहे का? आम्हाला अकरावीला दोन गटांचं एकत्रित प्रमाण विचलन होतं. मुलगे इतके, मुली इतक्या, आणि मग सिग्मा वर्ग अधिक d वर्ग.

---

खडूफळा

तेच. तुम्ही बी.कॉम. म्हणून उगाच मागे सरत होतात.

d₁ = ५० − ५१.२ = −१.२ आणि d₂ = ५३ − ५१.२ = १.८. मग ०.६ × (४ + १.४४) + ०.४ × (३ + ३.२४) = ३.२६४ + २.४९६ = ५.७६. अकरावीत n₁, n₂ असतात, इथे ६०० आणि ४००. एक गोष्ट लक्षात ठेवायला सांगा सायलीला: अ चं वितरण घंटेसारखं आणि ब चं सपाट, यामुळे सूत्रात काहीही फरक पडत नाही. आकार कसलाही असो, सरासरी आणि प्रचरण एवढंच लागतं.

---

कोडकरी

सर, पटलं नाही. माझ्या सूत्राने सरासरी ०.६ × ५० + ०.४ × ५३ = ५१.२ अगदी बरोबर येते. तेच W = ०.६X + ०.४Y सरासरीला चालतं आणि व्हेरियन्सला चालत नाही, हे कसं?

---

खडूफळा

शंका रास्त आहे. सरासरी दोन्हीकडे सारखी येते म्हणूनच तर ही चूक पकडली जात नाही.

मिश्रणात आपण वजनं मिसळत नाही, संभाव्यता मिसळतो. म्हणून W ची सरासरी ही दोन सरासऱ्यांची ६०-४० सरासरी, आणि W च्या वर्गाची सरासरी ही दोन वर्ग-सरासऱ्यांची ६०-४० सरासरी. घनाचीही तशीच. प्रचरण मात्र सरळ सरासरी नाही, त्यात सरासरीचा वर्ग वजा होतो, आणि गोम तिथे आहे. वर्गाकडून करून बघा:

अ: ४ + ५०² = २५०४
ब: ३ + ५३² = २८१२
ढीग: ०.६ × २५०४ + ०.४ × २८१२ = २६२७.२
वजा ५१.२² = २६२१.४४
उरले ५.७६

वेगळ्या वाटेने तोच आकडा. परीक्षेत पडताळ्याला हीच वाट बरी. फक्त दशांश गाळू नका. २६२७ मधून २६२१ वजा करताना कुणी आकडे आधीच जवळच्या पूर्णांकात नेले, तर उत्तर ६ येतं.

---

टवाळ_पांडू

इकडे आमचं मीठ-मिरचीचं प्रमाण ठरेना आणि तुम्ही संभाव्यता मिसळताय.

---

एमआयडीसीवाला

पुस्तकातलं मला फारसं कळत नाही, पण हा ढीग मी रोज बघतो. आमच्याकडे मसाला नाही, पिना. दोन सीएनसी, एकच ड्रॉइंग, आणि दोन्हींचा माल खाली एकाच बिनमध्ये. इन्स्पेक्टर तासातासाला बिनमधून पाच पिना उचलतो, मायक्रोमीटर लावतो, एक्स-बार-आर चार्टवर ठिपका मारतो. चार्ट इतका देखणा की ऑडिटवाले फोटो काढून नेतात. सगळे ठिपके मधल्या रेषेला चिकटून, कंट्रोल लिमिटच्या आसपास कुणी फिरकत नाही.

आम्हीही खूश होतो. मग कस्टमरने सीपीके मागितला आणि तो काही येईना. चार्ट म्हणतो प्रोसेस झकास, सीपीके म्हणतो नापास. तेव्हा एका सीनियर साहेबांनी चार्ट बघून एकच वाक्य टाकलं: "ठिपके इतके शहाण्यासारखे वागत असतील तर सॅम्पल बघा." प्रत्येक पाचात दोन्ही मशिनच्या पिना येत होत्या. त्यामुळे रेंज फुगलेली, रेंजवरून काढलेल्या लिमिटही रुंद झालेल्या. त्या रुंद लिमिटमध्ये एखादं मशीन हळूहळू सरकलं तरी ठिपका बाहेर जाणार कसा?

मशीनवार चार्ट वेगळे केले आणि पहिल्याच आठवड्यात दिसलं की एकाचं सेटिंग वर बसलंय.

म्हणून सरांना सांगतो, तुमच्या त्या ५.७६ चे दोन तुकडे आमच्यासाठी सारखे नाहीत. २.१६ वाला तुकडा फुकटात जातो: ऑफसेट बदला, दोन्ही मशिनचा मध्य एका जागी आणा, संपलं. ३.६ वाला तुकडा खर्चाचा आहे. तिथे स्पिंडल उघडावं लागतं, बेअरिंग बघावं लागतं. मॅनेजमेंटला एकच आकडा दाखवला की ते नवीन मशीनचं कोटेशन मागवतात.

---

खडूफळा

एमआयडीसीवाले, हा प्रतिसाद मी आमच्या जुन्या विभागात पाठवतोय. आम्ही वर्षानुवर्षं दोन पदं फळ्यावर लिहिली, पण कुठलं स्वस्त ते कधी सांगितलं नाही.

---

दशांश_चिन्ह

सगळे आनंदात पुढे गेलात, पण ताईंनी सुरुवातीलाच विचारलेलं राहिलं. 4 च्या डोक्यावर सावली आहे. तिथे वर्गाचा 2 असेल, म्हणजे N(50, 4²), तर अ चं प्रचरण १६. मग आतला भाग ०.६ × १६ + ०.४ × ३ = १०.८ आणि एकूण १२.९६. मधला २.१६ तसाच राहतो, कारण सरासऱ्या बदलत नाहीत.

शिवाय सावलीखाली काहीच नसलं तरी प्रश्न मिटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पुस्तकांत दुसरा आकडा प्रचरण असतो. पण एक्सेलचं `NORM.DIST` आणि R मधलं `rnorm` दोन्ही प्रमाण विचलन मागतात, त्यामुळे सॉफ्टवेअरवर वाढलेले लेखक तसंही लिहितात.

---

कोडकरी

ते सोपं आहे. ५.७६ म्हणजे बरोब्बर २.४ चा वर्ग. पेपर काढणारा मुद्दाम सुटसुटीत उत्तर येईल असेच आकडे घेतो. तेव्हा प्रचरण ४ च.

---

दशांश_चिन्ह

१२.९६ म्हणजे बरोब्बर ३.६ चा वर्ग.

---

टवाळ_पांडू

😂😂 कोडकरीभाऊ, पाणी प्या.

---

कोडकरी

हा हा. असू दे. तोवर मी ढीगच करून बघितला. प्रचरण ४ धरून, दहा लाख पाकिटं:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
n = 1_000_000
is_a = rng.random(n) < 0.6
w = np.where(is_a, rng.normal(50, 2, n), rng.uniform(50, 56, n))
print(w.mean(), w.var(), (w > 56).mean())
```

सरासरी ५१.२ च्या आसपास, व्हेरियन्स ५.७६ च्या आसपास. १.९२ चा कुठे मागमूस नाही. दशांशराव म्हणतात तो सापळा इथेही आहे: `rng.normal` ला ४ नाही, २ द्यायचे.

तिसरा आकडा मात्र मला विचित्र वाटला. ५६ च्या वर साधारण ०.०००८ येतंय. मी हाताने काढलं तर (५६ − ५१.२) ÷ २.४ = २, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या वर यायला हवं. कोड चुकलाय का?

---

दशांश_चिन्ह

कोड बरोबर आहे, तुमचा झेड टेबल वापरणं बरोबर नाही. ढिगाची सरासरी ५१.२ आणि प्रमाण विचलन २.४ आहे म्हणून ढीग नॉर्मल होत नाही. ब चं एकही पाकीट ५६ च्या वर नाही. अ चं ५६ म्हणजे त्याच्या मध्यापासून तीन प्रमाण विचलनं दूर, ०.००१३५. त्याला ०.६ ने गुणा: ०.०००८१. हजारात एकही नाही. तुमच्या झेडने हजारात तेवीस येतात.

आणि गंमत बघा, ५० च्या खाली किती ते काढलं असतं तर ही चूक कळलीही नसती. खरं उत्तर: अ ची निम्मी, म्हणजे ०.३. नॉर्मल धरून: झेड उणे ०.५, म्हणजे ०.३०८५. जवळपास तेच. डावीकडे शेपूट अ ची आहे, तिथे नॉर्मल बऱ्यापैकी निभावून नेतं. उजवीकडे ब ५६ ला कड्यासारखं तुटतं, तिथे ते सपशेल पडतं.

---

अनामिक_नाशिककर

माझ्या बेजचं कुणी उत्तर दिलं नाही. दोन मशिनं असली की बेजच असतो.

---

खडूफळा

प्रश्नात सरासरी आणि प्रचरण विचारलंय, कुठल्या यंत्राचं ते विचारलेलं नाही, म्हणून बेज लागत नाही. पाकीट हातात घेण्याआधीचं ०.६ ठीक आहे, पण ते दिलेलंच आहे, काढायचं काय?

हां, पाकीट वजन करून बघितलं आणि ५३ ग्रॅम भरलं, तर तुमचा प्रश्न जिवंत होतो. ५३ ला अ ची घनता साधारण ०.०६४८, ब ची एक षष्ठांश. ०.६ आणि ०.४ ने गुणून तुलना केली की ब ची शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास येते. ६०-४० चं पारडं वजन कळल्यावर उलटलं. आणि ४९ भरलं तर चर्चाच नको, अ चं.

---

अनामिक_नाशिककर

म्हणजे बेज होताच.

---

वजनकाटा

गणितात पडत नाही, एक माहिती. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे वैधमापन नियम आहेत, त्यात ५० ग्रॅमच्या पाकिटाला ४.५ ग्रॅमपर्यंतची तूट ही कमाल चूक म्हणून धरतात. म्हणजे ४५.५ च्या खालचं पाकीट गुन्हेगार. शिवाय तपासणीत नमुन्याची सरासरी छापील वजनाच्या खाली जाऊन चालत नाही. त्या हिशेबात इथलं ब यंत्र निर्दोष आहे आणि सगळी डोकेदुखी अ ची.

---

दशांश_चिन्ह

वजनकाटा, तुमच्याच आकड्यावर: ४५.५ म्हणजे अ च्या मध्यापासून २.२५ प्रमाण विचलनं खाली. अ मधली साधारण १.२ टक्के, ढिगातली ०.७ टक्के. हजार पाकिटांत सातेक.

एमआयडीसीवाल्यांचा "फुकटातला तुकडा" इथे फार फुकट नाही बघा. मध्य एका जागी आणायचे तर ब ला ३ ने खाली आणा किंवा अ ला ३ ने वर न्या. पहिल्यात ब ची निम्मी पाकिटं ५० च्या खाली जातात. ती नियमाच्या तुटीत बसतात, पण ढिगाची सरासरी अगदी ५० वर येऊन टेकते. नमुना थोडा इकडचा तिकडचा पडला की नापास. दुसऱ्यात मालक अ च्या प्रत्येक पाकिटाला तीन ग्रॅम मसाला जास्त घालणार. प्रचरण दोन्हींत ३.६.

---

एमआयडीसीवाला

पिनेला दोन्हीकडून टॉलरन्स असतो म्हणून आम्हाला फुकट. मसालेवाल्यांचं तुम्ही म्हणता तसं असेल.

---

शून्य_गोंधळ

मला यात मूळ गफलत दिसते. तासाला ६०० आणि ४०० हे आकडे पक्के आहेत. अ येणार की ब येणार यात नशिबाचा भाग कुठे आहे? प्रमाण ठरलेलं असेल तर यंत्रांमधला २.१६ येता कामा नये. सायलीचं ३.६ च बरोबर.

---

खडूफळा

ढिगात ६०० आणि ४०० पक्के आहेत, मान्य. पण उचलायचं आहे एक पाकीट, न बघता. त्या एकाच्या बाबतीत अ की ब हे हात घालीपर्यंत ठरलेलं नाही. म्हणून २.१६ येतं. हजारही पाकिटं वजन करून त्यांचं प्रचरण काढा, ५.७६ च्या जवळपासच येईल.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते वेगळ्या प्रश्नात. दहा पाकिटांचा नमुना घेतला आणि त्याची सरासरी काढली. दहाही मोठ्या ढिगातून न बघता उचलली तर त्या सरासरीचं प्रचरण ५.७६ ÷ १० = ०.५७६. पण अ च्या पट्ट्यावरून मोजून सहा आणि ब च्या पट्ट्यावरून मोजून चार घेतली तर ०.३६. तिथे २.१६ खरोखरच गळून पडतं, कारण किती अ आणि किती ब यातली अनिश्चितता तुम्ही स्वतः काढून टाकलीत.

---

शून्य_गोंधळ

मग पट्टे एकाआड एक ठरलेल्या क्रमाने ढिगात टाकत असतील आणि मी ढिगाच्या वरच्या थरातली सलग दहा उचलली तर? ते न बघता उचलणं की मोजून उचलणं?

---

खडूफळा

दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. किती मिसळलंय त्यावर आहे, आणि ते प्रश्नात दिलेलं नाही.

---

शून्य_गोंधळ

म्हणजे प्रश्नच अपुरा आहे. हेच म्हणत होतो.

---

कोडकरी

"यादृच्छिक पद्धतीने उचलले" असं लिहिलंय हो त्यात.

---

शून्य_गोंधळ

लिहिल्याने होत नाही.

---

सायलीची_आई

दुसरा फोटो आला! या वेळी दिवसा काढलाय. (आ) भाग असा: "उचललेल्या पाकिटाचे वजन ५६ ग्रॅमपेक्षा जास्त असण्याची संभाव्यता काढा." पुस्तकाच्या मागच्या उत्तरांचाही फोटो पाठवलाय. पण (अ) च्या उत्तरावर बाईसाहेबांचा अंगठा आलाय. (आ) चं उत्तर दिसतंय: ०.०००८१.

4 च्या डोक्यावर काय आहे ते याही फोटोत कळत नाही. त्या जागी पानाला चहाचा डाग आहे.

---

दशांश_चिन्ह

ताई, डागाची आता गरज नाही. ०.०००८१ ला ०.६ ने भागा: ०.००१३५. ते तीन प्रमाण विचलनांचं शेपूट. ५० पासून ५६ पर्यंतचे ६ ग्रॅम म्हणजे तीन प्रमाण विचलनं, तर एक प्रमाण विचलन २ ग्रॅम, आणि प्रचरण ४. प्रमाण विचलन ४ असतं तर ५६ दीडच विचलन दूर पडलं असतं आणि उत्तर ०.०४ आलं असतं.

म्हणजे (अ) चं उत्तर ५१.२ आणि ५.७६. अंगठ्याखाली वेगळं काही निघालं तर पुस्तक चुकलंय.

---

सायलीची_आई

कळवलं तिला. रूममेट म्हणते, "पण दोघींचंही चुकलं ना, मग बरोबरी." 🙄

---

एमआयडीसीवाला

आता जाणकार जमलेच आहेत तर माझं एक सोडवा. मशीनवार चार्ट केले ते आमच्या शॉपमध्ये. पण आम्हाला एक व्हेंडर माल देतो, त्याच्याकडेही दोन मशिनं आणि एक बिन. त्याने किती माल कुठल्या मशीनवर काढला ते तो सांगत नाही. माझ्याकडे फक्त मिसळलेल्या पिना. माझ्या मोजमापांवरून एकूण व्हेरियन्स निघतो. त्याचे ते दोन तुकडे मला पाडता येतील का?

---

दशांश_चिन्ह

एकट्या व्हेरियन्सवरून नाही. ५.७६ म्हणजे ३.६ अधिक २.१६ असू शकतं, ५ अधिक ०.७६ ही असू शकतं. हिस्टोग्राम काढा. मसाल्यासारखं एक मशीन ५६ ला तुटत असेल तर कडा दिसेल आणि तिथून धागा मिळेल. पण दोन्ही मशिनं घंटेसारखी, सारख्याच पसाऱ्याची, माल निम्मा-निम्मा, आणि मध्यांतलं अंतर दोन प्रमाण विचलनांपेक्षा कमी असेल, तर दोन उंचवटे दिसतच नाहीत. एकच बसका ढीग दिसतो. कॉम्प्युटर तरीही दोन घंटा बसवून देईल, पण त्याला भरपूर पिना लागतील आणि घंटाच आहेत हे तुम्हाला गृहीत धरावं लागेल.

---

कोडकरी

मला डेटा पाठवा, मी दोन घंटा बसवून बघतो.

---

खडूफळा

बसवा, पण हाती आलेल्या प्रमाणावर लगेच विश्वास टाकू नका. आधी याच मसाल्याच्या ढिगावर बसवून बघा. तिथे ब घंटा नाहीच, सपाट आहे. किती चुकतं ते कळेल.

---

वजनकाटा

इतकं करण्यापेक्षा व्हेंडरला सांगा ना, एका मशीनच्या पिनेला टोकाशी बारीक खूण करून पाठव.

---

एमआयडीसीवाला

सांगितलं होतं. नगाला दहा पैसे जास्त मागतोय.